क्रिकेट कळणाऱ्याने बेसबॉलमधला पिचर कसा पाहावा

प्रश्न: "सर, मी खानापूर तालुक्यातला. लहानपणापासून क्रिकेट खेळतो, गोलंदाजीही करतो. हल्ली सकाळी कामावर जाण्याआधी मोबाइलवर बेसबॉल बघतो. स्ट्राइक, बॉल, इनिंग हे शब्द पाठ झाले. पण पिचर मुद्दाम बाहेर चेंडू का टाकतो, बॅटर चांगला चेंडू का सोडून देतो, आणि तासभर एकही धाव झालेली नसताना लोक एवढे ओरडतात कशाला, हे काही केल्या समजत नाही. क्रिकेटच्या अंगाने समजावून सांगाल का?"

उत्तर:

नियम तुम्हाला ठाऊक आहेत, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. अडचण नजरेची आहे. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाची नजर आपोआप धावा, गडी आणि षटके या तीन आकड्यांवर जाते. बेसबॉलमध्ये धावा आणि आउट यांचे आकडे बराच वेळ हलत नाहीत, आणि षटक तर नसतेच. जो आकडा जवळजवळ प्रत्येक चेंडूनंतर बदलतो, तो पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो: 0-1, 2-1, 3-2. त्याला काउंट म्हणतात. आधी बॉल, मग स्ट्राइक, असा तो वाचायचा. मी बेळगावात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असून बरीच वर्षे मुलांना क्रिकेट आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवत आलो आहे. क्रिकेट पक्के असलेली मुले बेसबॉल बघायला बसली की याच ठिकाणी अडतात, आणि काउंट वाचता येऊ लागला की बाकीचे त्यांना फारसे समजावून सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी पुढे जे लिहिणार आहे ते अमेरिकेतील मेजर लीगच्या पातळीच्या खेळाला धरून आहे. शालेय स्पर्धांमध्ये इनिंगची संख्या आणि मैदानाची मापे बदलतात, आणि खेळाडूंची तयारी कमी असल्यामुळे डावपेचही पुष्कळ सोपे होतात. शिवाय या खेळात 'बॉल' हा पंचाचा एक निर्णय आहे. तेव्हा हातातून सुटणाऱ्या वस्तूला मी सर्वत्र चेंडूच म्हणणार आहे.

सुरुवात इनिंगपासून करू, कारण पिचर जे काही करतो त्याचे कारण तेथे आहे. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये संघाकडे दोन प्रकारची पुंजी असते: 120 चेंडू आणि 10 गडी. यांपैकी चेंडू आधी संपण्याची भीती असल्यामुळे निर्धाव चेंडू हा गोलंदाजाचा फायदा ठरतो. बेसबॉलमध्ये चेंडूंची पुंजीच नाही. प्रत्येक संघाला 9 इनिंग मिळतात, प्रत्येक इनिंगमध्ये त्याचे तीन खेळाडू आउट झाले की बाजू बदलते, आणि त्या तिघांसाठी सहा चेंडू लागले की साठ लागले याच्याशी नियमाला काही देणेघेणे नाही. म्हणजे संपूर्ण सामन्यात एका संघाकडे 27 आउट असतात आणि तेवढेच त्याचे भांडवल असते. चेंडू वाया गेला, अशी हळहळ बॅटरला वाटण्याचे कारण नाही. त्याने चेंडू सोडला तर पुंजीतून काहीच खर्च झालेले नसते. 'चांगला चेंडू का सोडतो' या तुमच्या शंकेचे निम्मे उत्तर येथेच आहे.

त्याचबरोबर आउट होण्याची किंमतही वेगळी आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्या डावापुरता तो तंबूत बसतो. येथे नऊ बॅटरांचा क्रम ठरलेला असतो. आउट झालेला बॅटर बाकीच्या आठ जणांची पाळी झाली की पुन्हा येतो, आणि सामन्यात साधारणपणे चार-पाच वेळा उभा राहतो. एका इनिंगमध्ये पाचव्या क्रमांकाचा बॅटर शेवटचा आउट झाला, तर पुढच्या इनिंगची सुरुवात सहाव्यापासून होते. तिसरा आउट झाला त्या क्षणी जे खेळाडू पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर पोहोचून थांबले असतील, त्यांचे तिथपर्यंतचे धावणे रद्द होते. चारी बेस पूर्ण केले तरच एक धाव. दोन बेसमधले अंतर 90 फूट, म्हणजे सुमारे 27 मीटर आहे. अशी चार अंतरे तीन आउट होण्याच्या आत पार करायची, म्हणजे सहसा सहकाऱ्यांचे एकापाठोपाठ फटके लागायला हवेत. म्हणूनच धावा कमी होतात आणि तिसऱ्या बेसवर माणूस उभा असला की धाव नसतानाही प्रेक्षक उठून उभे राहतात.

आता पिचरकडे वळू. तो दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. तेथे रबराची एक पट्टी रोवलेली असते, आणि चेंडू टाकताना त्याचा एक पाय त्या पट्टीला टेकलेला असावा लागतो. त्यामुळे धावत येणे नाही. कोपर सरळ ठेवण्याचे बंधनही नाही. क्रिकेटमध्ये ज्याला आपण फेकी म्हणून नोबॉल देतो, तीच येथे रीत आहे. पट्टीपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर. आपल्या बावीस यार्डांपेक्षा ते दीड मीटरहून अधिक कमी आहे. पिचरचा हात आणखी पुढे येऊन सुटतो, त्यामुळे ताशी 150 किलोमीटरचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात बॅटरपाशी येतो. तो टप्पा घेत नाही. आपल्याकडे टप्प्यानंतर चेंडू काय करतो यावर निम्मी फलंदाजी अवलंबून असते. येथे प्रत्येक चेंडू फुलटॉस आहे आणि जे काही वळायचे ते हवेतच वळते.

फुलटॉस म्हटले की आपल्या मनात सोपा चेंडू उभा राहतो. पण तो फुलटॉस मारण्याचे हत्यार पाहा. क्रिकेटची बॅट सपाट आणि सव्वाचार इंचांपर्यंत रुंद असते. बेसबॉलची बॅट गोल असून तिचा सर्वांत जाड भागही 2.61 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेसहा सेंटिमीटरपेक्षा, जास्त जाड असू शकत नाही. गोल बॅटचा गोल चेंडूवर आघात थोडा वर किंवा थोडा खाली झाला, तर चेंडू उंच उडून झेल होतो किंवा जमिनीवर लोळत जातो. बचावाचा फटका, मागे सरकून खेळणे, बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी मारून ठेवणे, या क्रिकेटच्या सोयी येथे उपयोगी नाहीत, कारण चेंडू रेषांच्या आत पडला की बॅटरला पहिल्या बेसकडे धावावेच लागते. 'मारला, पण धावलो नाही' असे येथे चालत नाही. त्यामुळे दहा प्रयत्नांत तीनदा सुरक्षित फटका मारणारा बॅटर उत्कृष्ट समजला जातो.

स्ट्राइक झोन समजून घेताना यष्टींची आठवण ठेवा, पण फार ताणू नका. होम प्लेट 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर रुंद असते. तीन यष्टींची रुंदी 9 इंच. झोनची खालची मर्यादा बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीखाली आणि वरची मर्यादा खांदा व कंबर यांच्या मध्यावर, अशी पूर्वापार व्याख्या आहे. म्हणजे उंच बॅटरला झोन मोठा आणि बुटक्याला लहान. या हवेतल्या चौकटीतून चेंडूचा थोडासा भाग जरी गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर कॅचरच्या मागे उभा असलेला पंच स्ट्राइक देतो. चौकटीबाहेरून गेला आणि बॅटरने सोडला, तर बॉल. बॅटरने बॅट फिरवली आणि चेंडू चुकला, तर तो चेंडू कितीही बाहेर असला तरी स्ट्राइकच. तीन स्ट्राइक म्हणजे आउट, आणि चार बॉल म्हणजे बॅटरला पहिला बेस फुकट. त्याला वॉक म्हणतात.

आपल्याकडे यष्टीवर चेंडू लागला की तत्काळ त्रिफळा. येथे चौकटीतून गेलेला पहिला चेंडू बॅटरला फक्त इशारा देतो, दुसराही इशाराच देतो, आणि तिसरा त्याला घरी पाठवतो. उलट बाजूने पाहिले तर वाइडला आपल्याकडे तत्काळ एक धाव मिळते. येथे तीन बॉलपर्यंत पिचरला काहीही दंड नाही, चौथ्याला मात्र एकदम एक बेस द्यावा लागतो. म्हणजे दोघांकडेही थोडी थोडी शिल्लक आहे: बॅटरकडे दोन स्ट्राइकची, पिचरकडे तीन बॉलची. पिचर बाहेर चेंडू टाकतो तेव्हा तो ही शिल्लक खर्च करत असतो, आणि त्या बदल्यात बॅटरने वाईट चेंडूवर बॅट फिरवावी असे त्याला हवे असते. ऑफ यष्टीबाहेर चौथ्या-पाचव्या यष्टीच्या रेषेत सतत मारा करणारा गोलंदाज हेच करतो. फरक एवढाच की क्रिकेटमधला फलंदाज दिवसभर ते चेंडू सोडू शकतो. येथे किती सोडायचे याला काउंटची मर्यादा आहे.

फाऊलचा नियम मात्र क्रिकेटमधून आलेल्या माणसाला खरोखर परका वाटतो. होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेषांमध्ये काटकोन असतो, आणि मैदान तेवढेच. आपल्याला लेट कट, ग्लान्स, कडेला लागून यष्टिरक्षकाच्या बाजूने गेलेला चौकार यांची सवय. येथे ते सगळे फाऊल. फाऊल चेंडूचा झेल हवेतच घेतला तर बॅटर आउट होतो. झेल झाला नाही तर तो स्ट्राइक धरला जातो, पण बॅटरच्या नावावर आधीच दोन स्ट्राइक असतील तर काउंट तसाच राहतो. परिणामी दोन स्ट्राइक झालेला बॅटर अवघड चेंडूंना नुसती बॅट लावून फाऊल करत राहू शकतो, आणि एका बॅटरवर पिचरचे दहा-बारा चेंडू खर्ची पडतात. नव्या प्रेक्षकाला हा वेळ कंटाळवाणा वाटतो. सुरुवातीचा पिचर साधारण नव्वद-शंभर चेंडूंनंतर थकतो आणि एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा चेंडू टाकायला येऊ शकत नाही, हे ध्यानात घेतले की बॅटरने आउट होतानाही काय कमावले ते दिसू लागते. (बारीक अपवाद एक: दोन स्ट्राइक असताना बॅट आडवी धरून हलकेच टेकवलेला चेंडू फाऊल गेला, तर मात्र बॅटर आउट होतो, नाहीतर कोणीही दिवसभर तेच करत बसला असता.)

आता काउंट प्रत्यक्षात कसा बोलतो ते पाहू. 0-2 असताना पिचरकडे तीन बॉलची पूर्ण शिल्लक आहे आणि बॅटर मात्र कड्यावर उभा आहे. अशा वेळी पिचर बहुधा चौकटीत चेंडू टाकतच नाही, तो चौकटीकडे जातो असा भास निर्माण करून शेवटी बाहेर निघून जाणारा चेंडू टाकतो. 3-0 असताना चित्र उलटते. पुढचा चेंडू बाहेर गेला की वॉक, म्हणून पिचरला चौकटीत आणि तोही आपला सर्वांत भरवशाचा, म्हणजे बहुतेक वेळा वेगवान सरळ चेंडू टाकणे भाग पडते. बॅटरला ते माहीत असते, आणि तरीही पुष्कळदा तो हा चेंडू जाणूनबुजून सोडतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण पिचरची दिशा हरवलेली असताना चौथा बॉल पडण्याची शक्यता चांगली असते, सोडून स्ट्राइक झाला तरी काउंट 3-1 म्हणजे अजून बॅटरच्याच बाजूने राहतो, आणि घाईने मारून झेल दिला तर एक आउट फुकट गेला. माझ्या मते 2-0 आणि 3-1 हे बॅटरसाठी सर्वांत चांगले काउंट; तेव्हा तो एका ठरावीक जागी, एका ठरावीक वेगाचा चेंडू येईल अशी अटकळ बांधून पूर्ण ताकदीने फिरवतो.

चेंडूंचे प्रकार डझनभर आहेत. बघायला बसताना दोनच धरले तरी पुष्कळ होते. पहिला फास्टबॉल. बोटे चेंडूच्या मागून खाली ओढली जात असल्यामुळे त्याला उलटी फिरकी मिळते, आणि त्या फिरकीमुळे हवेचा दाब त्याला वर धरून ठेवतो. तो प्रत्यक्षात वर चढत नाही, पण बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो, म्हणून बॅट त्याच्या खालून जाते. दुसरा स्लायडर. हा जरा हळू येतो आणि उजव्या हाताच्या पिचरचा असेल तर उजव्या बॅटरपासून दूर, बाहेरच्या बाजूला सरकतो. लेगस्पिनर उजव्या फलंदाजाला जो चेंडू टाकतो त्याचीच दिशा, मात्र टप्प्याशिवाय आणि ताशी 135-140 किलोमीटरच्या वेगाने. दोन्ही चेंडू हातातून सुटताना जवळजवळ सारखे दिसतात. बॅटरला फिरवायचे की सोडायचे हे सुमारे 0.2 सेकंदात ठरवावे लागते, आणि त्या वेळी चेंडू अजून निम्म्या वाटेवरच असतो.

एक संपूर्ण अर्धी इनिंग घेऊन हे सगळे जोडून दाखवतो. 2023 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना मायामीत 21 मार्चच्या रात्री, आपल्याकडच्या 22 मार्चच्या सकाळी झाला. जपान 3-2 ने पुढे होता, नववी इनिंग सुरू होत होती आणि अमेरिका आपले शेवटचे तीन आउट घेऊन बॅटिंगला आली होती. जपानने शोहेई ओहतानीला पिचर म्हणून उभे केले. तोवर संपूर्ण सामनाभर तो जपानचा बॅटर म्हणून खेळत होता.

पहिला बॅटर जेफ मॅकनील. ओहतानीने त्याला चार बॉल दिले. वॉक. क्रिकेटच्या हिशोबाने काहीच घडले नाही: धाव नाही, फटका नाही. बेसबॉलच्या हिशोबाने बरोबरीची धाव पहिल्या बेसवर येऊन उभी राहिली, म्हणून मैदान दणाणून गेले. तुम्ही विचारलेल्या आरडाओरडीचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

दुसरा मूकी बेट्स. त्याने मारलेला चेंडू जमिनीवरून दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाकडे गेला. पहिल्या बेसवर माणूस असताना असा फटका बसला की त्या माणसाला जागा मोकळी करून पुढे धावावेच लागते, कारण मागून बॅटर येत असतो. क्षेत्ररक्षकांनी चेंडू आधी दुसऱ्या बेसवर आणि मग पहिल्या बेसवर पोहोचवला, आणि दोघेही पोहोचण्याआधी चेंडू पोहोचल्यामुळे एकाच फटक्यावर दोन आउट झाले. पायाने यष्टीचे टोक गाठण्याच्या शर्यतीत दोन्ही टोकांना एकदम धावचीत झाल्यासारखेच म्हणा, फक्त आपल्या नियमात एका चेंडूवर दोन जण असे बाद होऊ शकत नाहीत. वॉकमुळे आलेले संकट एका चेंडूत नाहीसे झाले, आणि अमेरिकेकडे एकच आउट उरला.

तिसरा माइक ट्राउट, अमेरिकेचा कर्णधार, आणि एरवी लीगमध्ये ओहतानीचाच त्या वेळचा संघसहकारी. दोघांना एकमेकांचा खेळ आतून माहीत. पहिला चेंडू स्लायडर, खाली गेला, ट्राउटने सोडला: 1-0. दुसरा फास्टबॉल, ताशी सुमारे 160 किलोमीटर, चौकटीत. ट्राउटने फिरवली आणि चुकला: 1-1. तिसरा पुन्हा तसाच वेगवान, पण बाहेर, सोडला: 2-1. येथे थांबून विचार करा. 2-1 हा बॅटरकडे झुकलेला काउंट आहे, आणि आणखी एक बॉल दिला तर पिचर अडचणीत येतो. म्हणून चौथा चेंडू ओहतानीने चौकटीत टाकला, तोही त्याच वेगाचा. ट्राउटचा अंदाज बरोबर होता, तरी बॅट चुकली: 2-2.

आता दोन्ही बाजूंची शिल्लक जवळजवळ संपलेली, तरी ओहतानीकडे एक बॉल अजून खर्चाला आहे. पाचवा चेंडू त्याने ताशी 163 किलोमीटरच्या वेगाने टाकला; तो चौकटीबाहेर गेला आणि ट्राउटने सोडला. 3-2. याला फुल काउंट म्हणतात, आणि आता पुढच्या चेंडूवर, तो फाऊल झाला नाही तर, या दोघांतला सामना निकालात निघणारच. लागोपाठ चार वेगवान चेंडू पाहिलेल्या बॅटरचे शरीर त्या वेगाला लागलेले असते. पाठ्यपुस्तकी उत्तर असे की पिचरने चौकटीत फास्टबॉल टाकावा, कारण स्लायडर ताब्यात ठेवायला अवघड, आणि बाहेर गेलेला स्लायडर ट्राउटने सोडला तर वॉक होऊन बरोबरीची धाव पुन्हा बेसवर येते. ओहतानीने स्लायडरच टाकला. वेग ताशी सुमारे 140 किलोमीटर, आधीच्यापेक्षा वीसहून अधिक किलोमीटरने कमी, आणि चेंडू चौकटीच्या बाहेरच्या कडेकडे सरकत गेला. ट्राउटची बॅट त्याच्या पुढून फिरून गेली. तिसरा स्ट्राइक, तिसरा आउट, सामना संपला.

या सहा चेंडूंत एकदाही बॅट चेंडूला लागली नाही. धावफलकाच्या दृष्टीने सहा निर्धाव चेंडू आणि एक गडी, एवढीच त्याची नोंद होईल. पण दुसऱ्या आणि चौथ्या चेंडूने ट्राउटला वेगासाठी लवकर फिरवायला भाग पाडले, तिसऱ्या आणि पाचव्याने बाहेरची कड त्याच्या नजरेत बसवली, आणि सहाव्याने या दोन्ही गोष्टींचा एकदम फायदा घेतला. आउटस्विंगर टाकत राहून एक आत आणणारा गोलंदाज आपल्याला पाठ आहेच; येथे तेच काम मोजून दिलेल्या चेंडूंत करावे लागते.

त्या सामन्यातील आणखी एक बाब इनिंगसंबंधी आहे. यजमान मानलेला संघ प्रत्येक इनिंगच्या उत्तरार्धात खेळतो, आणि त्या रात्री तो मान जपानचा होता. नवव्या इनिंगच्या पूर्वार्धानंतरही जपान पुढे असल्यामुळे त्याला उत्तरार्ध खेळण्याची गरजच उरली नाही. लक्ष्य आधीच पार झालेले असताना दुसरा डाव पुढे चालवत नाहीत, तसेच हे. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर मात्र सामना अनिर्णित सोडत नाहीत. जादा इनिंग खेळवतात.

बघताना काय बिघडले हे ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. पिचर थकू लागला की त्याचा वेग कमी होण्याआधी बहुधा उंची बिघडते: चेंडू वरच्या बाजूला सुटू लागतात, आणि काउंट 0-1 ऐवजी वारंवार 1-0, 2-0 असा सुरू होतो. लागोपाठ तीन बॅटरांची सुरुवात बॉलने झाली, तर संघाच्या तळावर दुसरा पिचर हात गरम करताना दिसतो का ते पाहा. दुसरी खूण कॅचरची. तो हातमोजा ज्या जागी धरतो ती पिचरकडून मागितलेली जागा असते. चेंडू चौकटीत पडून स्ट्राइक मिळाला तरी कॅचरला हात आडवा लांब न्यावा लागला असेल, तर तो चेंडू चुकलेलाच होता. चांगल्या बॅटरने पुढच्या वेळी तो सोडला नसता. आमच्या यष्टिरक्षक मुलांना ही खूण लगेच कळते, गोलंदाजांना जरा उशिरा.

दोन चेंडूंमधला वेळही आता मोजला जातो. 2023 पासून मेजर लीगमध्ये घड्याळ आहे: बेस मोकळे असतील तर 15 सेकंद, माणूस बेसवर असेल तर सध्या 18. पिचरने उशीर केला तर चेंडू न टाकताच एक बॉल लागतो, आणि बॅटर आठ सेकंद उरलेले असताना तयार नसेल तर त्याला एक स्ट्राइक. काउंट मध्येच बदललेला दिसला आणि चेंडू टाकलेला आठवत नसेल, तर कारण बहुधा हेच.

आणखी एक गोंधळ तुम्हाला कधीतरी होईलच. तिसरा स्ट्राइक झाला, पण कॅचरच्या हातून चेंडू खाली पडला, आणि बॅटर पहिल्या बेसकडे पळत सुटला, असे दिसेल. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट पकडलेला असणे आवश्यक असते. नाहीतर बॅटरला पळण्याची मुभा मिळते, आणि त्याला अंगावर चेंडू लावून किंवा पहिल्या बेसवर चेंडू पोहोचवून आउट करावे लागते.

शेवटी, आपल्या भागातल्या शाळांमध्ये बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉल अधिक आढळतो, तेव्हा प्रत्यक्ष पाहण्याची संधी बहुधा तेथेच मिळेल. त्यात चेंडू मोठा असतो, पिचर खालून हात फिरवून टाकतो, महिलांच्या खेळात अंतर 43 फूट असते आणि इनिंग सात. स्ट्राइक, बॉल, फाऊल आणि काउंट यांचे गणित मात्र तेच राहते. शालेय पातळीवर वॉक खूप होतात, कारण चौकटीत सातत्याने चेंडू टाकू शकणाऱ्या पिचर मुली थोड्या असतात. म्हणून तेथे माझा नव्या बॅटरना पहिला आदेश असा असतो की स्वतःवर एक स्ट्राइक पडेपर्यंत बॅट खांद्यावरच ठेवायची. मेजर लीगच्या बॅटरने हे रोज केले, तर पिचर पहिला चेंडू बिनधास्त मधोमध टाकू लागतील आणि तो कायम 0-1 वरून खेळत राहील.